मोठ्या साहेबांच्या फोटोखालचं वाक्य

बारामतीतली आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिची वेबसाइट काढायची ठरली. मजकूर लिहिणारे आम्ही तिघं. एकाचं पान नोटिशीसारखं, तर दुसऱ्याचं लग्नपत्रिकेसारखं. वैतागून मी दोन पानी नियम लिहिले: सगळ्या पानांचा आवाज एकच ठेवा, वाचणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणा, वाक्यं छोटी ठेवा, ‘सदर’ नको. खाली दुरुस्तीच्या पानासाठी एक नमुना दिला: ‘काळजी करू नका, आमचा माणूस दोन दिवसांत तुमच्याकडे येईल.’

आठवड्यानं छापील पानं हातात आली आणि मी हादरलोच. नमुन्याचं वाक्य दोघांनी प्रत्येक पानावर जसंच्या तसं उतरवलं होतं. गेल्याच महिन्यात वारलेल्या आमच्या मालकांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या फोटोखालीसुद्धा!

“अक्कल गहाण टाकली काय?” मी ओरडलो.

दोघांतला अंथुर्णे गावचा सहकारी शांतपणे म्हणाला, “तुमीच लिवलंय न्हवं, सगळ्या पानांचा आवाज एकच पायजे म्हणून?”

आवाज एकच असला, तरी प्रसंग बघून सूर बदलायचा, हे मी कुठंच लिहिलं नव्हतं.

“ही पानं आणखी कुणाला दिलीत?” मी विचारलं.

“सकाळीच साहेबांच्या घरी बाईसाहेबांकडं धाडली. म्हटलं, साहेबांचं पान त्यांनी आधी बघावं.”