झाडांशिवायचं संमेलन

चौथीच्या बाईंना शाळेत सगळे संमेलनबाई म्हणायचे. वार्षिक संमेलनाचं घोंगडं वीसेक वर्षं त्यांच्याच गळ्यात होतं, आणि खरं सांगायचं तर ते कुणी काढून घेतलेलं त्यांना खपलंही नसतं. आवाज खणखणीत, चाल घाईची आणि गळ्यात कायम शिट्टी. शेवटच्या रांगेतल्या पोराचा हात चुकीच्या ठोक्यावर वर गेला तरी त्यांना दिसायचं. स्वतःच्या घरी मात्र डोळ्यांवरचा चष्मा त्या घरभर शोधत फिरायच्या.

एकही मूल सुटता कामा नये, हा त्यांचा जुना हट्ट. पण न सोडण्याची रीत अशी, की ज्याला नाचता येत नाही, गाता येत नाही, नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी ज्याच्या पोटात गोळा येतो, त्याला पुठ्ठ्याच्या फांद्या बांधून झाड करायचं. दर वर्षी मंचावर मागे हे जंगल उभं असायचं. गेल्या वर्षी मात्र एका आईने तोंडावर विचारलं, "बाई, आमचा तीन वर्षं झाडच आहे. वाढणार कधी?" सगळे हसले. बाईही हसल्या, पण ते त्यांना लागलं.

त्याच वर्षी त्यांनी एका मुलीला समूहनृत्यात घातलं होतं. ती कुणाशीही कानात बोलल्यासारखं बोलायची, म्हणून वर्गाने तिचं नाव कुजबूज पाडलं होतं. सराव सुरू झाला आणि तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी उलट्या. डॉक्टरांना काही सापडेना, आणि संमेलन पार पडल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी ठणठणीत. बाईंना काय ते कळलं. आपण हौसेने करतो त्याने कुणाचं तरी पोट दुखतं, हे पचवायला त्यांना बराच वेळ लागला.

म्हणून यंदा त्यांनी आखणी उलटी केली. आधी कार्यक्रम ठरवून त्यात मुलं कोंबण्याऐवजी एकेकाला बाजूला बोलावून विचारलं, तुला काय करायला आवडेल आणि काय अजिबात नको. मग कुणी म्हणाला, नाटकातले आवाज मी आधी रेकॉर्ड करून देतो. एकाला पडदा ओढायचा होता. दोघींना देखावे रंगवायचे होते. काहींना मंचावर यायचं होतं, पण एकटं नको, मित्र शेजारी हवा. कुजबूज बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाली, "सामान देऊ का मी? आतून?"

"दे की. विंगेतलं टेबल तुझं."

"मंचावर यायचं नाही ना पण?"

"नाही. शब्द देते."

कुजबूजने ते टेबल असं सांभाळलं की बाई बघतच राहिल्या. टेबलावर कागद चिकटवून तिने प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढली. मुकुट इथे, कंदील इथे, डॉक्टरची पेटी इथे. जागा रिकामी दिसली की वस्तू बाहेर आहे, परत यायची आहे. सरावाला एक पठ्ठ्या छत्री न घेताच निघाला, तर तिने त्याची कॉलर धरून मागे ओढला. पोट दुखल्याचं नाव नाही. उलट शाळा सुटली तरी तिचा पाय निघत नसे.

माशी शिंकली ती मुख्याध्यापिकांच्या खोलीत. मोठ्या बाईंना सगळे वचकून असत, पण माणूस वाईट नव्हता. पालकांचं ऐकून घेता घेता त्यांच्या नाकी नऊ आले होते, इतकंच.

"कल्पना छान आहे," त्या म्हणाल्या. "पण आपलं मूल दिसलंच नाही तर पालक मला धारेवर धरतील. एक करा. शेवटी पडद्यामागच्या सगळ्यांना नाव घेऊन मंचावर बोलवा. मिनिटभर टाळ्या, फोटो, संपलं. एवढं केलंत तर माझी हरकत नाही."

बाईंनी मान हलवली. आखणी बचावली, या आनंदात हलवली. जिना उतरताना त्यांना कुजबूजला दिलेला शब्द आठवला.

कुजबूजला सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणत त्यांनी दिवस ढकलले. सांगितलं आणि परत उलट्या सुरू झाल्या तर? घरी नवऱ्याने विचारलं, "जेवणात लक्ष नाही, झालं काय?" त्यांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तिलाच विचार." सोपं उत्तर ऐकलं की बाईंना राग येत असे. त्यांनी ताट उचललं आणि विषय बदलला.

संमेलन झालं, आणि झकास झालं. पडदा एकदाही अडकला नाही. पुठ्ठ्याचं एकही झाड मंचावर नव्हतं. विंगेत कुजबूज एकेकाच्या हातात वस्तू ठेवत होती आणि प्रत्येकाला कानात काहीतरी सांगत होती. शेवटच्या नाटकानंतर माईक हातात घेऊन बाई मंचावर गेल्या आणि पडद्यामागच्या मुलांची नावं घ्यायला लागल्या. एकेक मूल लाजत बाहेर आलं. पडदेवाला तर पैलवानासारखे दंड दाखवत आला आणि सभागृहाने त्याला डोक्यावर घेतलं.

शेवटचं नाव उरलं. बाईंनी विंगेत पाहिलं. कुजबूज टेबलाची कड धरून त्यांच्याकडेच बघत होती. पहिल्या रांगेत मोठ्या बाई टाळीसाठी हात उचलून बसल्या होत्या. बाईंनी ते नाव गिळलं, "या सगळ्यांसाठी एकदा जोरदार टाळ्या" म्हटलं आणि पडदेवाल्याला पडदा पाडायला पाठवलं.

मोठ्या बाईंनी नंतर विचारलं, "एक राहिली ना?" बाई म्हणाल्या, "राहिली नाही, मी वगळली. तिला शब्द दिला होता." मोठ्या बाई पालकांकडे वळल्या. त्या रागावणार हे बाईंना ठाऊक होतं, तरी मनावरचं ओझं उतरलं होतं. जमलं आपल्याला, असं वाटत त्या विंगेत गेल्या.

तिथे कुजबूजचे वडील उभे होते. ड्रायव्हरच्या गणवेशातच आले होते, सुट्टी न घेता, दोन फेऱ्यांच्या मधला वेळ काढून. त्यांनी अदबीने विचारलं, "बाई, हिने काय केलं आज? सगळ्यांची नावं ऐकली, हिचं आलं नाही. मला वाटलं, हिला घेतलं नाही वाटतं."

बाईंनी घाईघाईने सगळं सांगितलं. टेबल, मुकुट, कंदील, हिच्याशिवाय एकही नाटक उभं राहिलं नसतं. ते "हो का" म्हणत मान हलवत राहिले, पण ऐकणाऱ्यांनी भरलेलं सभागृह आता रिकामं झालं होतं.

कुजबूज पाठमोरी उभी राहून टेबलावरचा कागद सोडवत होती.

"तुला मंचावर यायचं नव्हतं ना गं," बाई तिच्याजवळ वाकून म्हणाल्या. "म्हणून तर नाही घेतलं नाव."

"यायचं नव्हतंच," ती म्हणाली. "मी आतच थांबणार होते. नाव घेतलं असतं तर बाबांना कळलं असतं, मी आत आहे ते."

तिने कागदाची गुंडाळी केली, बाईंच्या हातात दिली आणि वडिलांचं बोट धरून पायऱ्या उतरली. बाईंना तिला हाक मारायची होती. पण त्या दिवशी दुसऱ्यांदा त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही.