दोन बाजारांमधली गोळी

इंटरव्ह्यू म्हटलं की माझी बोलती बंद होते. औषधांच्या दुकानात काउंटरवर मी दिवसभर बोलते, भांडायला आलेल्या गिऱ्हाइकालाही वाटेला लावते. पण टेबलापलीकडं तीन माणसं बसली आणि म्हणाली, “स्वतःबद्दल सांगा,” की मला माझं शिक्षणसुद्धा आठवत नाही. पुण्यातल्या एका हॉस्पिटलात असंच झालं होतं. मी नुसती पाण्याच्या ग्लासाकडं बघत बसले. शेवटी त्यांनीच “ठीक आहे” म्हणून मला सोडून दिलं. म्हणून दौंडच्या हॉस्पिटलातून फार्मासिस्टच्या जागेसाठी फोन आला, तेव्हा आनंद व्हायच्या आधी मला घाम फुटला.

मी शिरूरच्या एका मेडिकलमध्ये कामाला होते. दुकान वाईट नव्हतं, पण तिथं फार्मासिस्ट म्हणजे शिकलेला विक्रेता. चिठ्ठी घ्यायची, गोळ्या द्यायच्या, पुढचा माणूस. हॉस्पिटलात डॉक्टरला फोन करून “हा डोस बरोबर आहे का?” विचारायची मुभा असते. मला ते काम हवं होतं. हावरटासारखं हवं होतं म्हटलं तरी चालेल.

नवऱ्याची तेव्हा कंपनीत सकाळची पाळी होती. संध्याकाळी तो आंघोळ करून खुर्चीवर साहेबासारखा बसायचा आणि मोबाइलवरचे इंटरव्ह्यूचे प्रश्न वाचायचा. मी समोर सतरंजीवर. माझी आई भिंतीला टेकून भाजी निवडत आमची करमणूक बघायची. आई तळेगाव ढमढेऱ्याची. बोटांचे सांधे सुजायला लागल्यापासून तिला एकटं ठेवणं बरं वाटेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिला आमच्याकडं आणलं होतं. पण तळेगावचा आठवडे बाजार काही तिनं सोडला नव्हता. तिथं तिची बहीण भेटायची. दर आठवड्याला पिशवी घेऊन एसटीनं जायची आणि संध्याकाळी परत यायची.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी शेवटची उजळणी चालली होती.

“डॉक्टरचं अक्षर लागलं नाही तर?” नवऱ्यानं विचारलं.

“अंदाजानं काही द्यायचं नाही. डॉक्टरला फोन करायचा, आणि फोनवर काय ठरलं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं.”

“शेड्यूल एच-वन?”

“टीबीची औषधं, काही अँटिबायोटिक, काही झोपेच्या गोळ्या. चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत. वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं. ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं.”

“इन्शुलिन कुठं ठेवाल?”

“फ्रिजमध्ये, दोन ते आठ डिग्री. फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्शुलिन टाकून द्यायचं.”

“वा,” नवरा म्हणाला. “आमच्या कंपनीत असती तर सुपरवायझर केली असती.”

“पुढचं विचार,” मी म्हणाले. उत्तरं देताना मी सतरंजीचे धागे उपटत होते. घरातल्या माणसासमोर ही गत, तर उद्या काय होणार, हेच डोक्यात.

पुढचा प्रश्न होता, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी पेशंटला कशी समजावून सांगाल? हा माझा हातखंडा. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी सांधेवाताला देतात, आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर ती रक्तातल्या पेशी मारते, माणूस दगावतो. इंटरव्ह्यूत हा प्रश्न बहुतेक ठिकाणी येतोच. आमच्या भागात त्याला सोपं उत्तर आहे. मी तोऱ्यात म्हणाले, “पेशंटला सांगायचं, बाजाराच्या दिवशी घ्या. गावाकडच्या माणसाला वार आठवत नाही, पण बाजार चुकत नाही.”

“व्हय,” आई भाजीतून मान वर न करता म्हणाली. “माझ्या सांध्याच्या गोळीला बी तळेगावच्या औषधाच्या दुकानदारानं असंच सांगितलंया.”

नवऱ्याला उत्साह आला. “मग आई पेशंट. समजलं का नाही ते त्यांच्याकडून वदवून घे. इथं लिहिलंय तसं.”

खरं तर तो उत्तराचा शेवटचा भाग होता. पेशंटला ‘समजलं का?’ विचारायचं नाही, कारण तो ‘हो’ म्हणतो. ‘कशी घेणार ते मला सांगा’ म्हणायचं. मी पदर नीट केला, घसा खाकरला आणि आईला म्हणाले, “बाई, ही गोळी तुम्ही कशी घेता, मला सांगा बरं.”

आई हसली. मग पाठ केल्यासारखी म्हणाली, “बाजाराच्या दिशी जेवल्यावर घ्यायची. तळेगावच्या बाजाराला एक, आन् हितं शिरूरच्या बाजाराला एक.”

दोन्ही गावांच्या बाजाराचे वार वेगळे आहेत. नवऱ्याला काही कळलं नाही, तो पुढचा प्रश्न शोधत होता. मी आईकडं सरकले.

“दोन्ही बाजारांना?”

“मग? दोन्ही बाजारच हायेत की.”

“कधीपासून?”

“हितं आले तवापासून. गोळ्या लवकर सरत्यात म्हणून त्याच दुकानदाराकडून आणती की बाजाराला गेल्यावर.”

दोन महिने. आठवड्याला दुप्पट. आणि गेल्या आठवड्यापासून आईचं तोंड आलं होतं, ते माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांसमोर. मी तिला बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडात लावायचं जेल आणून दिलं होतं आणि तिखट खाऊ नकोस म्हणून दटावलं होतं. मेथोट्रेक्सेट जास्त झालं की आधी तोंड येतं, हे मी त्याच आठवड्यात दोनदा पाठ म्हणून दाखवलं होतं.

इंटरव्ह्यूची भीती कुठल्या कुठं गेली. ती भीती म्हणजे नुसते चोचले होते, हे मला तेव्हा कळलं.

आईचे सांध्यांचे डॉक्टर ओपीडीला त्याच दौंडच्या हॉस्पिटलात येत, जिथं माझा इंटरव्ह्यू होता. मी त्यांना फोन लावला. मेथोट्रेक्सेट, दुप्पट, दोन महिने, तोंडात फोड, असं तुटक तुटक बोलले. त्यांनी मला मध्येच थांबवलं. “गोळी आत्ता बंद. ताप आहे?” मी थर्मामीटर लावला. नव्हता. “उद्या सकाळी त्यांना घेऊन या. रक्त, लिव्हर, किडनी सगळं बघू. रात्रीत ताप आला किंवा कुठून रक्त आलं, तर माझी वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलात लगेच न्या. आणि मनानं पेनकिलर देऊ नका.”

त्या रात्री आई गाढ झोपली. मी तिच्या कपाळाला हात लावत बसले. प्रत्येक वेळी वाटायचं, आता गरम लागतंय. मग माझाच हात गरम आहे म्हणून मी तो फरशीवर टेकवून पुन्हा लावायचे.

सकाळी नवऱ्यानं रजा टाकली आणि आम्ही तिघं दौंडला गेलो. गाडीत मी म्हणाले, “मी इंटरव्ह्यू देणार नाही.”

“का?” आई म्हणाली.

“तुझा रिपोर्ट यायचाय.”

“माझ्या रगतात तू काय बघणार हायस? मशीन बघतंय. तू आत जा. माझ्यापायी तुझी नोकरी गेली तर मला ही गोळी परवडली.”

तिनं हे अगदी सहज म्हटलं. मी खिडकीबाहेर ऊस बघत रडले.

आईचं रक्त काढून तिला बाकावर बसवलं, तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत तिघं होते. एक डॉक्टर, एक ऑफिसचे साहेब आणि मध्ये चष्म्याच्या, केस पिकलेल्या मुख्य फार्मासिस्ट मॅडम. “स्वतःबद्दल सांगा” आलंच. मी सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण थांबले नाही. माझं सगळं लक्ष दाराबाहेर होतं, त्यामुळं टेबलाला घाबरायला मी तिथं उरलेच नव्हते.

आणि मग मॅडमनी तो प्रश्न विचारला. आठवड्यातून एकदाची गोळी.

“वार लिहून द्यायचा,” मी म्हणाले. “पाकिटावर, मराठीत, मोठ्या अक्षरात. फक्त वार. बाजाराचा दिवस सांगायचा नाही.”

“बाजाराचा का नाही? गावाकडं सगळेच सांगतात.”

“माणूस दोन बाजार करत असेल तर दोन गोळ्या घेतो, मॅडम.” मी म्हणाले. “आणि एका वेळी चार आठवड्यांपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत. लवकर संपल्या म्हणून आला, तर का संपल्या ते विचारायचं. तोंड आलंय का विचारायचं. नुसतं जेल द्यायचं नाही.”

तिघंही माझ्याकडं बघत होते. तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला. बंद करायचा राहिला होता. ऑफिसच्या साहेबांनी तोंड वाकडं केलं. मी तरी उचलला. नवरा म्हणाला, “पांढऱ्या पेशी खूप कमी आल्यात. डॉक्टर ॲडमिट करा म्हणतायत.”

मी उभी राहिले. मॅडमनी विचारलं, “काय झालं?”

“माझी आई बाहेर बसलीय,” मी म्हणाले. “दोन बाजार करणारी तीच.”

मॅडमनी पुढं काही विचारलं नाही. समोरचा फोन उचलला आणि फार्मसीत लावला. “ल्युकोव्होरिन इंजेक्शन किती आहेत बघा. कमी असतील तर पुण्याहून आत्ताच मागवा.” मग मला म्हणाल्या, “जा तुम्ही.” ते इंजेक्शन मेथोट्रेक्सेटवरचा उतारा. माझा इंटरव्ह्यू तिथंच संपला.

पुढचे दिवस मी रिपोर्टचे आकडे बघून जगले. आईला ताप आला, तेव्हा मी वॉर्डाच्या जिन्यात बसून सगळ्या देवांना कामाला लावलं. मग ताप उतरला. पेशी हळूहळू चढायला लागल्या. आईनं पहिल्यांदा घासभर खिचडी खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं.

नोकरीचं मी कुणाला विचारलं नव्हतं. एका दुपारी मॅडम स्वतःच वॉर्डात आल्या. त्यांच्या हातात आईची फाइल होती. माझ्याकडं बघितलंही नाही. आईच्या कॉटजवळ खुर्ची ओढून बसल्या.

“मावशी, ती सांध्यांची गोळी आता कशी घेणार, मला सांगा.”

आई एकदम ताठ बसली. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढला. आपण चुकलो तर लेकीची नोकरी जाणार, असं तिच्या डोक्यानं घेतलं होतं. इंजेक्शनला, तापाला, कशालाच ती एवढी घाबरली नव्हती.

“आता घ्यायचीच न्हाई,” ती सावकाश म्हणाली. “डागदर सांगतील तवाच सुरू करायची. मंग ते जो वार लिवून देतील त्योच. बाजार कुठं बी भरू दे.”

मॅडमनी मान डोलावली. आईला तेवढं पुरलं नाही.

“बराबर हाय न्हवं? हिला घेताय ना मग?”

मॅडम हसल्या आणि मला म्हणाल्या, “कधीपासून येऊ शकाल?”

मी आईच्या उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासाकडं बघत बसले. पुण्यातल्यासारखीच. तेव्हा उत्तर आईनंच दिलं.

“मला घरी सोडलं की दुसऱ्या दिशी.”