पानाच्या बगलेतली कळी

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात वाळलेली झाडं कागदावर डकवण्यात थोरल्या जावेचं आयुष्य गेलं होतं. कुणीही पानाचा फोटो पाठवावा, तिनं शास्त्रीय वर्णन करावं आणि ओळखतक्त्यातल्या, 'असं की तसं' विचारणाऱ्या एकेका फाट्यावरून नावापर्यंत पोचावं. नात्यात तिचा दरारा होता आणि तिला तो आवडायचा.

धाकट्या जावेनं अंगणातल्या झाडाचा फोटो पाठवला. नातवाच्या हातावर पुरळ उठलं होतं. फोन करून तिनं विचारलं, "जाऊबाई, हे झाड विषारी तर नाही ना? पानं बघा, लांबट आहेत..."

"लांबट काय गं? भालाकृती म्हणावं! पान म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला?"

फोटोत फक्त एक हिरवा दांडा होता, त्यावर जोडीजोडीनं पानं. थोरलीनं वर्णन केलं: पान साधं, मांडणी समोरासमोर, आकार भालाकृती, कडा अखंड. तक्ता तिला थेट चिकानं फोड उठवणाऱ्या झाडाशी घेऊन गेला. "तोडून टाका," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी ती तिकडे गेली. अंगणात बुंधा उरला होता, फांद्या कुंपणाशी पडल्या होत्या. तिनं सवयीनं एक फांदी उचलली. आणि पानांच्या बगला तपासल्या.

फोटोतला दांडा म्हणजे डहाळी नव्हतीच. टोकाला कळी नव्हती, एकटी पर्णिका, म्हणजे पानाचा तुकडा, होती. जोड्यांच्या बगलाही रिकाम्या. कळी पानाच्या बगलेत येते, पर्णिकेच्या नाही. कळी होती ती दांडा जिथं फांदीला चिकटतो तिथं, त्याच्या बगलेत. म्हणजे सबंध दांडा हेच एक पान, पिसासारखं, संयुक्त. अशी पानं फांदीवर एकाआड एक लागलेली. साधं की संयुक्त, हा तक्त्यातला पहिलाच फाटा चुकला होता; बरोबर फाट्यानं ती एका निरुपद्रवी झाडापाशी पोचली असती. "कळी कुठं आहे, फांदीचा फोटो पाठव," एवढंसुद्धा तिनं विचारलं नव्हतं. नव्या विद्यार्थिनीला ती यावरून धारेवर धरायची.

आतून हसणं ऐकू येत होतं. फांदी कचऱ्यात गेली असती, तर कुणाला कळलं असतं?

ती फांदी घेऊन आत गेली. घरचे सगळे बसले होते.

"झाड निरुपद्रवी होतं," ती म्हणाली. "मी पानाच्या तुकड्यालाच पान समजले. चूक माझी."

दीर छताकडे बघत राहिला. झाड त्याच्या वडिलांनी लावलेलं होतं. धाकटीनं भाजीची सुरी खाली ठेवली.

"पुरळ नव्या साबणानं होतं, डॉक्टर काल म्हणाले," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

हे ऐकून थोरलीला जास्तच ओशाळल्यासारखं झालं. धाकटीनं तिच्या हातातून फांदी घेतली, दांड्याच्या मुळाशी बोट टेकवलं.

"इथं कळी असते म्हणता? दाखवा बरं, जाऊबाई. पान म्हणजे काय ते मला खरंच माहीत नव्हतं."

थोरलीनं खाली मान घालून दाखवलं.