गार घराला आभाराचं पत्र

जर्मनीहून परत येऊन महिना होत आला तरी माझं पत्र गेलं नव्हतं. वर्षभर ज्यांच्या घरी राहिले त्या नवरा-बायकोला आभाराच्या चार ओळी लिहायच्या, एवढंच काम. फलटणजवळच्या आमच्या गावी सुट्टीला गेले होते. तिथं मी कागद घेऊन बसायची आणि कपाळावर आठ्या घेऊन उठायची. धाकटा भाऊ फौजेतून रजेवर आला होता. त्याला माझी ही तऱ्हा बघवेना. "आण इकडं, ताई," म्हणाला, आणि बसल्या बसल्या मोबाईलवर पत्र तयार करून माझ्यापुढं धरलं.

'आपण दाखवलेला दयाळूपणा, आपले मनःपूर्वक आदरातिथ्य आणि आपल्या घरातील उबदार वातावरण मी कधीही विसरू शकणार नाही.'

"कसं हाय? झ्याक ना?"

"झ्याक आहे. पण यातलं एकसुद्धा खरं नाही."

 त्याला वाटलं, बहिणीला तिकडं त्रास झाला की काय. तसं काही नव्हतं. उलट त्रास झाला नव्हता म्हणूनच माझं घोडं अडलं होतं.

मी मिरजेला एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिकडच्या एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात वर्षभर काम करायची संधी मिळाली आणि राहायला हे घर मिळालं. ती पूर्वी पडदे शिवायची, तो शाळेची बस चालवायचा. दोघंही निवृत्त, मुलं लांब. मी त्यांना मावशी आणि काका म्हणायला लागले. मावशी म्हणजे आईची बहीण, असं समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आधी तुझ्या आईला विचार, मी तिला चालेन का." तशी ती तोंडानं फटकळच.

त्यांच्या फ्रिजवर माझ्या आधी राहून गेलेल्या मुलीचं कार्ड लावलेलं होतं. सोनेरी अक्षरं, गुलाबाची फुलं आणि हेच सगळे शब्द, जर्मनमध्ये. मी एकदा ते वाचत असताना मावशी मागून म्हणाली, "छान आहे. पण शेजारणीच्या टपालपेटीत टाकलं असतं तरी चाललं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतंच. त्यात निघायच्या दिवशी स्टेशनवर जे झालं, त्यानं तर मला झोप लागेना. गाडी यायच्या आधी मावशीनं माझा हात धरला. "मी तुझ्यावर त्या दिवशी फार ओरडले," ती म्हणाली. हे तिनं त्याआधीही कितीदा म्हटलं होतं. "माणूस घरात ठेवायचं मला जमत नाही. तुझ्यानंतर मी ती खोली कुणाला देणार नाही." मी काहीतरी धड बोलायला पाहिजे होतं. पण गाडी आली, बॅगा चढवायची घाई, आणि परीक्षा देऊन शिकलेलं माझं जर्मन ऐनवेळी कुठं पळालं कोण जाणे! "नाही, नाही," एवढंच म्हणत मी डब्यात चढले. दार बंद झालं. ती डोळे पुसत उभी होती.

म्हणजे त्या बाईनं मला वर्षभर सांभाळलं आणि शेवटी आपण नापास झालो असं समजून घरी गेली. हे मला खपणार नव्हतं. तिला उत्तर द्यायचं तर या पत्रातूनच, आणि ते तिला पटलं पाहिजे. सोनेरी अक्षरांचं काम नव्हतं ते. आमच्याच हॉस्पिटलातली माझी एक ज्युनिअर पुढच्या वर्षी त्याच गावी जाणार होती. तिच्या राहण्याबद्दल मी तिकडं असताना बोलले होते, तेव्हा मावशीनं नुसतं 'हं' केलं होतं. पण पत्रात तिची शिफारस करायची नाही, हे मी पक्कं ठरवलं. आभाराच्या पत्रातून काम काढून घेणं मला जमणार नाही.

मग मी आमच्या धंद्यातली रीत वापरली. आमच्या मेट्रन बाई, ड्यूटी बदलताना 'पेशंट बरा आहे' असं कुणी म्हटलं की फाडून खायच्या. "बरा म्हणजे काय? काय खाल्लं? कधी खाल्लं? बघितलं कुणी?" नव्यानं लागले तेव्हा मी त्यांच्यामुळं रडलेय. आता म्हटलं, चला, तेच करू. भावाच्या पत्रातला एकेक शब्द घेतला आणि विचारलं: म्हणजे काय? कधी? बघितलं कुणी?

'दयाळूपणा' पहिल्यांदा खोडला. दया म्हटलं की एक माणूस वर आणि एक खाली. काका कधी माझ्या वर बसले नाहीत. मग त्यांनी केलं काय? सकाळची पाळी असली की मी अंधारात निघायची. थंडीत रात्रीत रस्ता गोठून काचेसारखा व्हायचा. पण आमच्या दारापासून फाटकापर्यंत, पाय घसरू नये म्हणून, बारीक खडी पसरलेली असायची. मला वाटायचं तिकडं नगरपालिका पसरते. एकदा लवकर उठले तर काका नाईट ड्रेसवर कोट घालून, बादली हातात घेऊन खडी टाकतायत. मला बघून दचकले, आणि "झोप येत नव्हती," म्हणाले. माझी दुपारची पाळी असली की बरी यांना झोप यायची! हे लिहिलं. 'दयाळू' म्हणायची गरजच उरली नाही.

'उबदार' तर शुद्ध थाप होती. ते घर गार! हीटर मोजकाच लावायचा, बिल वाढतं म्हणून. मी घरात दोन स्वेटर घालून फिरायची. पण दुपारच्या पाळीहून आले की माझ्या अंथरुणात, पायाच्या बाजूला, गरम पाण्याची रबरी पिशवी असायची. तिला पडद्याच्या उरलेल्या कापडाचा अभ्रा शिवलेला. कुणी ठेवली ते कुणी कधी बोललं नाही. म्हणून मी लिहिलं, 'तुमचं घर थंड होतं. माझे पाय थंड नव्हते.'

आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिला वाचून दाखवलं. "ह्ये बरं लिवलंस," म्हणाली. "पर पत्रानं काय व्हतंय? साडी धाड. आनि आपल्या मानसाचं आभार मानत्यात व्हय? परकी हायत का ती?"

"तेच तर लिहायचंय, आई."

आता राहिलं 'आदरातिथ्य'. ते झालं होतं, नाही असं नाही. सुरुवातीचे आठवडे फुलाफुलांच्या बशा, घडी घातलेले रुमाल, मी उठायला लागले की "बस, बस." बसून बसून मला परक्या लग्नाला आल्यासारखं वाटायचं. हा पाहुणचार ज्या दिवशी संपला तो दिवस म्हणजे मावशी ओरडली तो दिवस. तोच लिहायचा, असं मी ठरवलं.

आईच्या हातातली शेंग तिथंच राहिली. "आगं येडी का खुळी तू? आभाराच्या पत्रात भांडन लिवतंय का कोन? काय झालतं तरी काय?"

मग सांगितलं. थंडीला घाबरून मी खोलीची खिडकी दिवसचे दिवस उघडलीच नव्हती. आपल्याकडं थंडी पडली की आपण फटीत बोळे कोंबतो. वर ओले कपडे हीटरवर वाळत घालायची. सगळी वाफ खोलीत कोंडली, गार भिंतीला जाऊन लागली, आणि कपाटामागची भिंत बुरशीनं काळी झाली. तिकडं म्हणूनच भर हिवाळ्यातसुद्धा रोज सकाळी थोडा वेळ खिडक्या सताड उघडतात. मावशीनं मला हे आल्या आल्या सांगितलं होतं. मी 'हो हो' म्हणून सोडून दिलं होतं. तिनं कपाट सरकवलं आणि असा आवाज लावला की काका खालून धावत आले. मी रडले. बॅग काढली. तेवढ्यात ती बादली, औषध आणि दोन ब्रश घेऊन आली आणि एक माझ्या हातात दिला. दोघींनी भिंत घासली. संध्याकाळी जेवायला खाली गेले तर माझ्यासमोर बशी नव्हती. "ताटल्या त्या कपाटात," ती म्हणाली. "आणि उद्यापासून सकाळी सगळ्या घराच्या खिडक्या तू उघडायच्या."

आईनं सगळं ऐकून घेतलं. "भिताडाला बुरशी आनलीस? मग आरडंल न्हाई तर काय! मी आसते तर पाठीत धपाटा घातला आसता."

"बघ!"

"तरीबी लिवू नगंस. त्या बाईला वाटंल, अजून मनात धरून बसलीया."

ही भीती मलाही होती, खोटं कशाला सांगू. एक शब्द इकडचा तिकडं झाला तर जखमेवर मीठ. भाऊही म्हणाला, "ताई, रिस्क हाय." पण ते वगळलं तर उरलेलं पत्र म्हणजे तिच्या दुखण्याला वळसा घालून जाणं. दुखतं तिथं हात लावल्याशिवाय ड्रेसिंग होत नाही. मी म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. लिहिणार म्हणजे लिहिणार.

मिरजेला परत आल्यावर ते मराठीतलं पत्र समोर ठेवून मी जर्मनमध्ये उतरवलं, माझं मीच, चुका राहिल्या तरी चालतील म्हणून. 'कधीही विसरणार नाही' काढलं. 'शब्दच अपुरे आहेत' तेही काढलं; अपुरे आहेत तर लिहितेस कशाला, बाई? माफी मागितली नाही, कारण भिंत घासून ती मागून झाली होती. आभाराचा शब्द एकदाच ठेवला, अगदी शेवटी. त्याच्या आधी या ओळी आल्या: 'मावशी, तू ओरडलीस त्या दिवसाबद्दल मला बोलायचं आहे. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही आणि त्याच्या हातात ब्रशही देत नाही. त्या संध्याकाळी मी माझी ताटली स्वतः काढून घेतली आणि त्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवले. तुला जमत नाही असं तू स्टेशनवर म्हणालीस. मी तिथं होते, मी बघितलंय. तुला जमतं.'

पोस्टात पाकीट दिलं. एकदा वाटलं, परत मागावं. मग सरळ ड्यूटीवर गेले.

उत्तर लवकर आलं नाही. मी रोज पेटी बघायची आणि स्वतःवर चिडायची. आईनं फोनवर दोनदा विचारलं, मी दोनदा खेकसले. मग एका दुपारी पाकीट आलं. मी ते हॉस्पिटलच्या जिन्यात उभ्यानं फोडलं. मावशीचं तिरपं अक्षर, मोजक्या ओळी.

'काकांनी तुझी भिंत रंगवली. मला आलेलं पत्र त्यांनी शेजारणीला वाचून दाखवलं म्हणून मी त्यांच्यावर चिडले. ती म्हणाली, हे तुमच्याच घरचं आहे. तुझी ताटली जागेवर आहे. तुझी ती ज्युनिअर कधी येते? तिला आधीच सांगून ठेव, ओले कपडे हीटरवर टाकायचे नाहीत. मी ओरडते.'

जिन्यातच बसले आणि रडले. मग आईला फोन लावून शब्दन् शब्द वाचून दाखवला. 

"आरडू दे की," आई म्हणाली. "माझी भन हाय ती."