लोहोकरेंचे अठ्ठावीस टक्के

मारुती लोहोकरे आणि मी एकाच गावच्या शाळेत, एकाच गोणपाटावर बसून शिकलो. आमच्या गुरुजींची एक रीत होती. कुणी कुणाला शिवी दिली की ते छडी उगारत नसत. शिवी देणाऱ्याला तीच शिवी त्याच्या स्वतःच्या पाटीवर लिहायला लावत, आणि पाटी दिवसभर छातीशी धरून फिरायला सांगत. पुसायची नाही. एकदा मी ‘गाढव’ लिहिलेली पाटी घेऊन थेट घरी गेलो. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने ती देवापुढे ठेवली. असो. ही रीत पुढे साठ वर्षांनी निगडीत, आमच्या श्रमसाफल्य सोसायटीच्या पार्किंगमध्ये उपयोगी पडेल हे गुरुजींना कुठलं माहीत!

लोहोकरे कारखान्यात फिटर होता, मी तिथल्याच भांडारात. बत्तीस वर्षं त्याच्या हातात पाना आणि माझ्या कानावर पेन्सिल. निवृत्त झालो तेव्हा चोवीस घरांच्या आमच्या सोसायटीने त्याला खजिनदार केलं. का, तर दुसरं कुणी तयार नव्हतं. खजिनदार या पदासाठी एवढीच पात्रता लागते.

स्वभाव म्हणाल तर फटाकडा. भाजीवाल्याने मेथीची एक जुडी कुजकी दिली म्हणून हा ती परत करायला चालत प्राधिकरणातल्या मंडईपर्यंत गेला होता. इंदूवहिनी म्हणाल्या, “अहो, दहा रुपयांची जुडी!” हा म्हणाला, “जुडी दहाची असेल, फसवणूक दहाची नसते.” असा माणूस.

त्याच्या खजिनदारकीला नऊ वर्षं झाली, त्या वर्षी सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी दहाला पार्किंगमध्ये वार्षिक सभा होती. दहाला अकरा डोकी जमली. गणपूर्तीला सोळा लागतात. मग नेहमीप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने त्याच जागी, तीच सभा, आणि मग गणपूर्तीची अट नाही. आमच्याकडे लोक हा अर्धा तास पकडूनच घरून निघतात, कारण वडे साडेदहालाच येतात. साडेदहाला एकवीस घरं हजर झाली. वड्याच्या वासाला नोटीस लागत नाही.

विषय चौथा: मासिक देखभाल शुल्कात वाढ. लोहोकरे उठला. डाव्या हातात कागद, उजवा हात खुर्चीच्या पाठीवर. तो हात तिथे का होता हे मला आणि इंदूवहिनींना, दोघांनाच ठाऊक होतं. आषाढात टाकीच्या शिडीवरून घसरून त्याचा खुबा दुखावला होता. “पाय मुरगळला” एवढंच त्याने सगळ्यांना सांगितलं.

“मंडळी, शुल्क महिना पंधराशे आहे. एक ऑक्टोबरपासून अठ्ठावीस टक्के वाढ, म्हणजे चारशे वीस रुपये. नवीन शुल्क एकोणीसशे वीस. चोवीस घरांचे मिळून महिन्याला दहा हजार ऐंशी जादा येतील. ते जातील कुठे? लिफ्टच्या देखभालीचा करार महागला, बाराशे. जिन्याच्या दिव्यांचं बिल वाढलं, आठशे ऐंशी. पंपाचा वार्षिक करार, महिन्याला पंधराशे. आणि पंप चालवायला, व्हॉल्व्ह उघडायला, टाकी बघायला माणूस, साडेसहा हजार. झाले दहा हजार ऐंशी. शिल्लक शून्य. कुणाला बेरीज तपासायची असेल तर कागद इथे आहे.”

तळमजल्याच्या एका गृहस्थांकडून पहिला बाण सुटला. “आम्ही लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही, आम्ही कशाला भरायचं?”

“मीही तळमजल्यालाच राहतो,” लोहोकरे म्हणाला. “उपविधीत लिफ्टचा खर्च सगळ्यांना सारखा आहे. मला आवडतं असं नाही, पण आहे.”

“अठ्ठावीस म्हणजे फारच होतंय हो. पंधरा करा की!”

“भाव करायला मी काय वांगी विकतोय?”

लोक हसले. इथपर्यंत सभा आमच्या नेहमीच्या वळणाने चालली होती. मग चौथ्या मजल्यावरचे टिळेकर उठले. विमा कंपनीत दावे तपासायचं काम. दोन वर्षांपूर्वी राहायला आलेले. हातात फायली, आणि फायलींना रंगीत चिकटपट्ट्या. अशा माणसाने वड्याला हात लावला नाही की समजावं, आज कुणाचा तरी बळी आहे.

“मी मागचे नऊ ताळेबंद काढलेत,” ते म्हणाले. “पंप दुरुस्ती: शून्य. पंपचालक: शून्य. नऊ वर्षं! आता माझा साधा प्रश्न. पंप कधी बिघडत नसेल तर आता महिन्याला आठ हजार कशाला? आणि बिघडत असेल तर दुरुस्त कोणी केला? देवाने?”

“चालत होता ना? मग झालं,” लोहोकरे म्हणाला.

“झालं कसं? बिल नाही, पावती नाही, खर्च नाही! म्हणजे व्यवहार वहीबाहेर. रोख गोळा करायची, रोख वाटायची, आणि मधली गळती कुणाच्या खिशात?” टिळेकरांचा आवाज चढत गेला. “स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही नऊ वर्षं चोराच्या हातात चाव्या दिल्या होत्या!”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा पावसात पंप खोलून बसायचा तेव्हा छत्री कोणी धरली होती? मी! पहाटे पाचला महापालिकेचं पाणी आलं की व्हॉल्व्ह उघडायला हा जायचा, दिवसाआड, आणि मी पायजम्यावर पाठोपाठ. वायसर फाटला की हा जुन्या ट्यूबमधून कापून घालायचा. बेअरिंग गेलं की भोसरीच्या जुन्या बाजारातून स्वतःच्या पैशाने आणायचा. मी म्हणायचो, “अरे, पावती घे.” तर म्हणायचा, “घरच्या पंपाला कोण मजुरी लावतं?”

मी उठायला लागलो. लोहोकऱ्याने माझ्याकडे न बघता खांदा दाबून खाली बसवलं.

“मुथाबाई,” तो सचिवांना म्हणाला. “लिहिताय ना?”

मुथाबाई गडबडल्या. “अहो भाऊ, रागाच्या भरात कोणी काही बोललं तर ते काय इतिवृत्तात…”

“लिहा. शब्द जसाच्या तसा. ‘श्री. टिळेकर यांनी खजिनदारास चोर म्हटले.’”

“जाऊ द्या ना, भाऊ!”

“जाऊ का द्या? माझ्या वहीत एक रुपया न लिहिता राहिला म्हणून मी चोर. मग तुमच्या वहीत हा शब्द न लिहिता राहिला तर तुम्ही कोण? लिहा!”

मी मनात म्हटलं, मेल्याने गुरुजींची पाटी काढली!

मुथाबाईंनी लिहिलं. मग लोहोकरे टिळेकरांकडे वळला.

“आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पंप बिघडत होता. बेचाळीस वेळा बिघडला, माझ्या डायरीत तारखा आहेत. दुरुस्त मी केला. चालवला मी. टाकीत उतरून गाळ मी काढला. हा आबा ढोबळे छत्री धरायचा आणि बडबड करायचा, त्याचेही पैसे लावले नाहीत.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?” टिळेकर पुटपुटले.

“हीच माझी चोरी!” लोहोकऱ्याने कागद टेबलावर आपटला. “तुमचा प्रश्न बरोबर आहे, टिळेकर, शिवी चुकली. देखभालीला पंधराशे कधी पुरतच नव्हते. खरा खर्च मी लपवला. माझी मजुरी शून्य धरली आणि तुम्हाला वाटलं, पाणी फुकट वर चढतं! दरवर्षी चार-पाच टक्के वाढवले असते तर आज ही अठ्ठावीसची धोंड पडली नसती. नऊ वर्षं मीच तुम्हाला खोटा हिशेब दाखवला. मला त्याचा राग येतोय, तुमच्या शिवीपेक्षा जास्त!”

पिशवीतून त्याने मोठा पाना काढला आणि वड्यांच्या ताटाशेजारी ठेवला. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावीही ठेवली.

“अठ्ठावीस टक्के नको असतील तर नका देऊ. मग पंपासाठी शून्य रुपये. परवा पहाटे पाचला पाणी येईल. हे ज्याने उचलायचं त्याने उचलावं. मी शिडी चढू शकत नाही. चढता येत असतं तर आज इथे उभा राहून तुमची बोलणी खाल्ली नसती.”

मागून इंदूवहिनी ओरडल्या, “आणि डॉक्टरांनी सांगितलंय, पुन्हा पडले तर उठणार नाहीत! ते नाही सांगितलं यांनी!”

“तू गप बस!”

“तुम्ही गप बसा! नऊ वर्षं गप बसलात तेवढं पुरे नाही?”

कुणीही हात पुढे केला नाही. तळमजल्याचे ते गृहस्थ चपलेकडे बघत बसले. चटणीची वाटी तेवढी कुणीतरी पान्यापासून लांब सरकवली. अध्यक्षांनी मग मतं घेतली. बाजूने सतरा हात, विरोधात तीन. टिळेकरांनी हात कुठेच वर केला नाही. ठराव मंजूर झाला. वडे गार होते, पण तेही मंजूर झाले.

त्या दुपारी लोहोकऱ्याने खजिनदारपद सोडलं. टिळेकर संध्याकाळी त्याच्या दारात उभे होते म्हणे. याने दार उघडलं नाही. मी विचारलं, “अरे, माफी मागायला आला असेल.” हा म्हणाला, “माफी दारात मागतात? शिवी तर सभेत दिली होती.” मी म्हटलं, “तू म्हणजे मेथीची जुडी आहेस.” त्याने माझ्या चहात साखर कमी घातली.

आता पुढच्या वर्षाची सभा. दहाला तेरा डोकी, अर्धा तास तहकूब, वडे, सगळं तसंच. विषय पहिला: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय कुणी ऐकत नाही. त्या दिवशी सगळे ऐकत होते. मुथाबाई वाचत गेल्या, आणि त्या ओळीशी येऊन आवाज बारीक झाला.

“ऐकू येत नाही,” लोहोकरे मागून म्हणाला.

बाईंनी पुन्हा वाचलं. मोठ्याने. “श्री. टिळेकर यांनी खजिनदारास चोर म्हटले.” टिळेकर पुढच्या रांगेत होते. त्यांचे कान मागून लाल झालेले दिसत होते. नवा पंपवाला माणूस जिन्यात उभा राहून ऐकत होता.

टिळेकर उठले. “ही ओळ वगळावी अशी माझी विनंती आहे.”

“सभेत तसं झालं होतं की नाही?” लोहोकरे म्हणाला. “झालं असेल तर राहू द्या. इतिवृत्त कायम करावं. सूचक, मारुती लोहोकरे.”

“अनुमोदक?” अध्यक्षांनी विचारलं.

मी हात उचलला. लोहोकऱ्याने तो मनगटाला धरून खाली खेचला आणि तसाच दाबून ठेवला. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं. जिन्यामागे पंप घुरघुरत होता.

मग टिळेकर पुन्हा उठले. या वेळी मागे वळले, सगळ्या सभेसमोर, लोहोकऱ्याकडे तोंड करून.

“अनुमोदक, अविनाश टिळेकर,” ते म्हणाले. “आणि पुढे हेही लिहा, बाई. तो शब्द खोटा होता.”

लोहोकऱ्याने माझं मनगट सोडलं. म्हणाला, “लिहा. आणि आबाला लवकर वडा द्या, नाहीतर हा परत हात वर करील.”