भासऱ्यांसमोर सांगितलेली गोष्ट

मला ग्रीक येत नव्हतं, आजही येत नाही. पण ग्रीकमधल्या ‘जर’चे चार प्रकार मला तोंडपाठ आहेत, कारण सुरतेच्या गोडादऱ्यातल्या एका माणसाने ते माझ्या डोक्यात खिळ्यासारखे ठोकले होते.

त्यांना सगळे सर म्हणत. अमळनेरकडचे, घरात ते एकटेच चर्चच्या वाटेला गेलेले. पाद्र्यांच्या शाळेत ग्रीक शिकून आले आणि चर्चचा जुना ग्रीक धर्मग्रंथ अहिराणीत आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. मी जवळच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. माहेरची बोली अहिराणी, म्हणून शाळा सुटल्यावर मी त्यांची भाषा नीट करायला जायचे. धर्म त्यांचा, बोली माझी, असा आमचा करार होता.

सर कडक. पहिला प्रकार शिकवला तेव्हा मी शहाणपणा करून म्हटलं, ग्रीकमध्ये ती गोष्ट खरी धरलेली असते ना, मग ‘जर’ कशाला, सरळ ‘ज्याअर्थी’ लिहू. सर उखडलेच. म्हणाले, खरी धरलेली असते ती वादापुरती, खरी असतेच असं नाही. विरोधकाचं म्हणणं घटकाभर मान्य करूनही माणूस तसं बोलतो. तिथे ‘ज्याअर्थी’ लिहिलंत तर त्याच्या तोंडी कबुलीजबाब घालाल. दुसरा प्रकार घडून न गेलेल्याचा: पहिल्या भागात भूतकाळ, दुसऱ्या भागात भूतकाळ आणि बरोबर ‘आन’ नावाचा चिमुकला शब्द. तो दिसला की समजायचं, तसं झालेलं नाही. आपलं ‘असता तर, नसता’. तिसरा पुढच्या न ठरलेल्या गोष्टीचा. चौथा इतका विरळ की त्यावर डोकं खाऊ नका, म्हणाले.

एवढा काटेकोर माणूस, आणि त्या आठवड्यात एका वाक्यावर अडून बसला. गोष्ट अशी: दोन बहिणींचा भाऊ आजारी पडतो. बरं करणाऱ्या मित्राला त्या निरोप धाडतात. तो वेळेवर येत नाही, भाऊ मरतो, त्याला पुरतात, आणि मग मित्र येतो. थोरली रस्त्यातच त्याला गाठते आणि एक वाक्य बोलते. सरांनी ते लिहिलं होतं, ‘तू इथे असलास तर माझा भाऊ मरणार नाही.’ मी ग्रीक कागदावर बोट ठेवलं. ‘आन’ तिथे ढळढळीत बसलेला, त्यांनीच लाल पेन्सिलीने गोल केलेला.

मी विचारलं तर म्हणाले, मोठ्या माणसाला बाई असं तोंडावर बोलत नाही, आपल्या लोकांना ते उद्धट वाटेल. मी म्हटलं, सर, ती बोललीय, मी काय करू? माझा आवाज चढला असेल. चढतोच माझा. सरांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी पुण्याहून भाषांतराचे तपासनीस येणार होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या खेपेला गोष्ट उतरली नाही तर पुढचं काम धुळ्याच्या मंडळींकडे जाईल. सरांची सगळी वर्षं त्या कागदांत गेली होती, आणि ते आपल्या हाताने त्यांवर पाणी ओतत होते.

त्यामागचं कारण मला माहीत होतं. गल्लीत कोणाला नव्हतं? प्लेगच्या वर्षी सुरत रिकामी झाली तेव्हा सर आईला घेऊन गावी गेले. धाकटा भाऊ लूमच्या कारखान्यात अडकला, मागून येतो म्हणाला. त्याला ताप भरला. प्लेग नव्हता, साधा ताप होता, पण दवाखान्यात न्यायला शेजारी कोणी उरलंच नव्हतं. त्याची बायको एकटी किती धावणार? सरांना निरोप गेला होता. आई सोडत नाही, गाड्या मिळत नाहीत, असं करत ते आले तेव्हा सगळं उरकलं होतं. ती भावजय पुढे त्यांच्याच घरात राहिली. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलत नाही. पदर पुढे ओढायचा आणि निरोप तिसऱ्याच्या तोंडून द्यायचा. त्यामुळे तिला काय म्हणायचं होतं ते घरात कोणीच ऐकलेलं नव्हतं.

तपासनीस येण्याआधी गोष्ट ती माहीत नसलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवावी लागे. नियम सोपा: मी वाचायचं, मी विचारायचं, ऐकणाऱ्याने आपल्या शब्दांत गोष्ट परत सांगायची. सरांनी मध्ये बोलायचं नाही, ऐकणारा जे बोलेल ते तसंच उतरवायचं, आणि शेवटी वाचून दाखवून ‘बरोबर का?’ एवढंच विचारायचं. त्या संध्याकाळी ठरलेल्या दोघी बायका कारखान्यातून सुटल्याच नाहीत. सर म्हणाले, राहू द्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भावजय मला म्हणाली, ताई, मी ऐकते, मला ती गोष्ट माहीत नाही.

सर म्हणाले, “ती नको.” पण तिने पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसकण मारली होती. आता उठ कोण म्हणणार?

मी वाचलं. विचारलं, भाऊ जिवंत आहे का मेला? ती गोंधळली. आधी पुरला म्हणता, मग बहीण म्हणते तू असलास तर मरणार नाही. ती काय खुळी आहे? सरांची पेन्सिल थांबली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, आता तुमच्या बोलीत सांगा.

ती सांगू लागली. आजारपण, निरोप, वाट पाहणं. माझ्या वाचण्यात नव्हतं ते सगळं तिच्या सांगण्यात आलं: ओल्या फडक्याच्या घड्या, शेजारच्या दारांची कुलुपं, सडकेकडे लागलेले डोळे. मग पाहुणा आला. तिथे तिने पदर आणखी पुढे ओढला. मग भिंतीकडेच बघत, अहिराणीत, अगदी सावकाश म्हणाली,

“तुम्ही इथे असता तर तुमचा भाऊ मेला नसता.”

गोष्टीत ‘माझा भाऊ’ होतं. तिला ते माहीत होतं आणि सरांनाही. मला वाटलं आता ते उठून जातील. उठले असते तर ते घर त्या दिवशी मोडलं असतं, आणि काम कोणाकडे जातं याची मला तेव्हा फिकीर उरली नव्हती. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला. चुलीवरचं दूध उतू गेल्याचा वास आला, कोणी उठलं नाही.

मग वाचून दाखवायची पाळी त्यांची. आजारपण वाचलं, निरोप वाचला, कुलुपं वाचली. मग त्या वाक्याशी आले. मी कागदाकडे बघत होते, अक्षरं मला दिसत होती. त्यांनी ती वाचली नाहीत.

“मी इथे असतो,” सर म्हणाले, “तर माझा भाऊ मेला नसता.” आणि नियमाप्रमाणे विचारलं, “बरोबर का?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडचं तोंड वळवलं, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा भासऱ्यांना थेट उत्तर दिलं.

“हां,” ती म्हणाली. “आते बराबर शे.”