लॉन्ड्रीचं वजन

बायकोचं उजवं मनगट सुजलं आणि डॉक्टरांनी कपडे पिळायला सक्त मनाई केली. ती म्हणाली, "मशीन घ्या." मी किराणा दुकानदार. हिशेब केल्याशिवाय मी शिंकतसुद्धा नाही. बिलाच्या पावतीमागे आकडे मांडायला बसलो.

साधी सेमी-ऑटोमॅटिक तेरा हजारांची. एका खेपेला दोनदा खळबळणं धरून आठ बादल्या पाणी, ऐंशी ग्रॅम पावडर, वीज जेमतेम पाव युनिट. वीज-पावडरचं काही नाही, पण पाणी! आमच्या देवळी गावातल्या गल्लीत उन्हाळ्यात नळ दिवसाआड, टाकी पाचशे लिटरची. उलट बसस्टँडजवळच्या नव्या लॉन्ड्रीत महिन्याला पंचवीस किलो कपडे, साडेबाराशे रुपये. महाग खरी, पण पाणी शून्य, वीज शून्य, पावडर शून्य. तीन शून्यांवर मी भाळलो. तेरा हजार एकदम काढायचे नाहीत, हेही मनात होतंच.

लॉन्ड्री सुरू झाली. चौदा दिवसांतच पंचवीस किलो संपले. लॉन्ड्रीवाला वजनात मारतो, अशी माझी खात्री पटली. पुढचं गाठोडं दुकानाच्या काट्यावर मीच मोजलं. काटा त्याच्याच बाजूने बोलला. चार माणसांचे तीन दिवसांचे कपडे, आणि साडेपाच किलो? त्यात घरातली पावडरही पूर्वीइतकीच संपत होती आणि टाकी दुपारीच तळ दाखवत होती. माझ्या तीन शून्यांतली दोन बुडाली.

गाठोडं सोडलं. कपडे ओलसर होते आणि कॉलरी लख्ख.

मी घरात गेलो. ती न्हाणीघरात पाटावर बसून माझा शर्ट घासत होती.

"हे काय करून राह्यली तू? लॉन्ड्रीत द्याचे कपडे काऊन धुतं?"

"मंग तसेच देऊ? तेलाचे, हळदीचे? गावातला माणूस हाये तो. दुकानदाराच्या घरचे कपडे कसे मळतात, हे चार लोकाईले सांगन ना."

म्हणजे आम्ही धुतलेले कपडे पैसे देऊन पुन्हा धुऊन घेत होतो, वर ओलाव्याचेही किलोमागे पैसे मोजत होतो. मला हसू आवरेना. मग तिने शर्ट पिळला आणि तिचं तोंड वाकडं झालं. मनगटाची पट्टी भिजून सैल झाली होती.

हसू गेलं. मी वरमून म्हणालो, "पण हात दुखते म्हणून तं लॉन्ड्री लावली ना आपण?"

"आपण नाई, तुमी लावली," ती म्हणाली. "मी मशीन म्हटलं होतं."

मी तिच्या हातातून शर्ट घेतला आणि पिळला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. बादलीत अजून अकरा कपडे होते.